न झालेल्या यात्रेचा हिशेब

ह्या सदराचा मागील लेख मार्च 2020 च्या अंकात छापला गेला. त्यानंतर सदर जे बंद पडले ते आज पुन्हा सुरू होत आहे. मध्यंतरी पुष्कळ वाचकांनी पत्रे धाडून विचारले की मास्तर आजारी आहेत की काय, की यात्रा नेण्याचा व्यवसायच त्यांनी सोडून दिला. काहींनी तर आमच्या नावे समाचाराची कार्डेही पाठविली. त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहो. प्रकृती ईश्वरकृपेने ठीक आहे, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर चार यात्रेकरू जमवून त्यांस काशी-प्रयागास नेण्याचा जो उद्योग आम्ही आरंभिला होता तोही सोडलेला नाही. परंतु ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांचे ते शेवटच्या रुपयापर्यंत परत होईतो यात्रेविषयी एक अक्षरही लिहावयाचे नाही, असा मनाशी नेम केला होता. तो नेम पुरा झाल्यावर ती वाट आपल्या पायांनी एकदा तुडविणे अगत्याचे वाटले. ह्या दोन गोष्टींत इतकी वर्षे गेली.

आज प्रवासवर्णन न देता त्या न झालेल्या यात्रेचा हिशेबच वाचकांपुढे ठेवावा असे योजिले आहे. यात्रा-कंपनीच्या हाती दिलेला पैसा पुढे कोठे कोठे जातो, कोणत्या वाटेने परत येतो आणि कोठे अडतो, हे घरोघरच्या कर्त्या माणसांस ठाऊक असणे हिताचे आहे. एरवी ही माहिती कोणी सांगत नाही, कारण यात्रा सुखरूप पार पडली म्हणजे तिची कोणास गरजही भासत नाही.

बेत असा होता. सव्वीस यात्रेकरू, बहुतेक साठीच्या पुढचे. 14 एप्रिल 2020 रोजी पुण्याहून विमानाने वाराणसीस जावयाचे, काशी, अयोध्या आणि प्रयाग अशी आठ-नऊ दिवसांची यात्रा करावयाची आणि प्रयागाहून रेल्वेने परत यावयाचे. जानेवारीअखेर प्रत्येकी 16,000 रुपये जमा झाले, म्हणजे एकंदर 4,16,000 रुपये. उरलेली रक्कम निघतेवेळी द्यावयाची होती.

हा पैसा आमच्या पेटीत पडून राहिला असेल असे कोणी समजू नये. यात्रा नेणारा हा पुष्कळ अंशी केवळ मधला मनुष्य असतो. विमानाची तिकिटे प्रत्येकी 5,500 रुपयांप्रमाणे 1,43,000 रुपयांची झाली. एका आरक्षणात नऊच माणसांची नावे घालता येतात, सबब नऊ, नऊ आणि आठ अशी तीन आरक्षणे केली. आमच्यासारखा लहान व्यवस्थापक ही तिकिटे विमान-कंपनीकडून थेट न घेता एका मोठ्या अडत्यामार्फत घेतो. रेल्वेच्या एका तिकिटावर सहा नावे बसतात, त्यामुळे तेथे पाच तिकिटे झाली व त्यांस 42,900 रुपये पडले. तीन गावच्या मुक्कामांसाठी 90,000 रुपयांचा विसार दिला आणि काशीहून अयोध्या व प्रयाग फिरविणाऱ्या बसवाल्यास 60,000 दिले. ह्या सर्वांची बेरीज 3,35,900 होते. बाकी राहिलेले 80,100 रुपये आम्ही बँकेच्या निराळ्या खात्यात ठेविले होते. घरखर्चाच्या खात्यात यात्रेचा पैसा मिसळावयाचा नाही हा आमचा पहिल्यापासूनचा शिरस्ता असून, पुढच्या प्रसंगी त्याचाच मोठा आधार झाला.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात रेल्वे थांबली, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि देशांतर्गत विमानेही उभी राहिली. ती 25 मे पर्यंत उडाली नाहीत. यात्रा रद्द झाली हे सांगावयास कोणी ज्योतिषी नको होता. प्रश्न एवढाच होता की चार ठिकाणी विखुरलेला पैसा गोळा कसा करावयाचा.

रेल्वेच्या बाबतीत फारसे करावे लागले नाही. गाडी रेल्वेनेच रद्द केली म्हणजे ई-तिकिटाची पूर्ण रक्कम, कापाकापी न होता, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात आपोआप परत येते. आरक्षणाच्या वेळचे सेवाशुल्क तेवढे परत मिळत नाही, ते किरकोळ असल्यामुळे आम्हीच सोसले. खिडकीवर काढलेले कागदी तिकीट मात्र खिडकीवरच नेऊन द्यावे लागते, आणि त्या दिवसांत लोकांस घराबाहेर पडणे अशक्य असल्यामुळे रेल्वेने त्याची मुदत पुढे बरीच वाढविली. रेल्वेचे 42,900 व आमच्या खात्यातील 80,100 मिळून 1,23,000 रुपये झाले. त्यांतून जून 2020 मध्ये प्रत्येकास 4,500 रुपये पोचते केले आणि 6,000 शिल्लक ठेविले.

खरी अडचण विमानाच्या पैशांची झाली. सरकारने 16 एप्रिल 2020 रोजी एक पत्रक काढले. पूर्ण पैसे तीन आठवड्यांत परत करावेत असे त्यात होते खरे, परंतु तो लाभ टाळेबंदी चालू असताना ज्यांनी तिकीट काढले त्यांनाच होता. ज्यांनी शहाणपणाने तीन महिने आधी तिकीट काढून ठेविले ते त्यातून वगळले गेले. आमची तिकिटे जानेवारीतील. अशा लोकांस कंपन्यांनी रोख रकमेऐवजी 'क्रेडिट शेल' देऊ केले, म्हणजे तेवढ्याच किमतीचा दुसरा प्रवास पुढे करावा, असे एक हमीखाते. सत्तरीतल्या माणसास साथीच्या दिवसांत अशा हमीचा उपयोग काय?

ह्या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी दिला. त्यातील सार येवढे की तिकीट टाळेबंदीपूर्वी काढलेले असले तरी, प्रवास 25 मार्च ते 24 मे ह्या अवधीतला असल्यास, कंपनीने पंधरा दिवसांत पैसे परत करावेत. जिला ओढगस्तीमुळे ते शक्य नसेल तिने 31 मार्च 2021 पर्यंत चालणारे क्रेडिट शेल द्यावे. ते प्रवाशास दुसऱ्या कोणाच्याही नावे करून देता येईल, आणि थांबावे लागल्याबद्दल तिकिटाच्या किमतीवर जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का व त्यापुढे पाऊण टक्का वाढ मिळेल. आमच्या 5,500 रुपयांच्या तिकिटाचे ह्या हिशेबाने अखेरीस सुमारे 5,950 झाले असते. पण ही वाढ प्रवास करणाराच्या कामाची. शेल वापरले गेले नाही, तर मुदतीअखेर मूळ पैसे ज्या खात्यातून कंपनीस मिळाले त्याच खात्यात परत जावयाचे होते.

वाचकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा एकवार वाचावे, कारण सगळी मेख तेथे आहे. कंपनीस पैसे कोणाच्या खात्यातून मिळाले? यात्रेकरूच्या नव्हे, आमच्याही नव्हे, तर त्या मोठ्या अडत्याच्या. आमच्या यात्रेकरूंपैकी कोणीही त्या वर्षात प्रवास केला नाही, आणि मुदत संपल्यावर कंपनीने 1,43,000 रुपये अडत्याकडे रीतसर पाठविले. अडत्याने ते आमच्या नावे जमा केले खरे, परंतु त्याच्याजवळील वॉलेटात. वॉलेटातील रकमेतून नवी तिकिटे घेता येतात, रोख काढता येत नाही. कागदोपत्री पैसा आमचा, पण यात्रेकरूच्या हाती कवडी नाही. तिकीट अडत्यामार्फत काढलेले असले तरी परत आलेला पैसा त्याने प्रवाशास तत्काळ पोचविला पाहिजे, हे न्यायालयाने त्याच निकालात म्हटले होते. ते वाक्य आम्ही पत्रांमागून पत्रे लिहून त्याच्यापुढे ठेवीत राहिलो. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास शेवटचा हप्ता सुटला व प्रत्येकाचे 5,500 रुपये पोचते झाले. हा अनुभव एकट्या आमचा नव्हे. टाळेबंदीतील तिकिटांचे अडकलेले पैसे प्रवाशांस द्यावेत असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास एका नामांकित तिकीट-विक्रेत्या कंपनीस 2024 सालीही द्यावा लागला.

राहता राहिले मुक्कामाचे व बसचे दीड लाख. येथे कायद्याचे बोट धरून फार दूर जाता येत नाही. एका धर्मशाळेने सगळा विसार परत केला. एका लॉजच्या मालकाने पुढे केव्हाही या, खोल्या देतो, असे कळविले, आणि वर्षभराने ते लॉजच दुसऱ्याच्या हाती गेले. बसवाल्याची बस दाराशी उभी होती, तिच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते. त्याने आमच्यापाशी काही लपविले नाही, आणि दोन वेळा मिळून 20,000 रुपये पाठविले. त्याच्यावर दावा लावून आमचे यात्रेकरू काशीस पोचले नसते. मुक्कामाचे 40,000, बसचे 20,000 आणि हाती राखलेले 6,000 मिळून 66,000 झाले. देणे होते प्रत्येकी 6,000, म्हणजे 1,56,000. सारांश, 90,000 रुपयांची खोट आली.

व्यवसायाच्या रूढीप्रमाणे ही खोट यात्रेकरूंत वाटून टाकता आली असती. तशी अट पुष्कळ कंपन्यांच्या छापील कागदावर बारीक अक्षरांत असते. आमच्या कागदावर ती नव्हती, आणि असती तरी आम्हास ती वापरवली नसती. ज्या माणसाने पेन्शनीतून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे आमच्या शब्दावर दिले, त्याने त्या लॉजच्या मालकाचे तोंडही पाहिले नव्हते. त्याने ओळखले ते आम्हास. यास्तव 66,000 रुपयांतून अकरा जणांचे देणे आधी चुकते केले. ज्यांच्या घरी आजारपण होते किंवा मुलांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, अशांस त्यात घेतले. उरलेल्या पंधरा जणांसाठी जानेवारी 2022 पासून आमच्या निवृत्तिवेतनातील 3,000 रुपये दरमहा निराळे काढू लागलो. दर दोन महिन्यांनी एका घरी जावयाचे, 6,000 रुपये द्यावयाचे आणि वहीवर सही घ्यावयाची, असा क्रम चालला. तीस महिन्यांनी, जून 2024 मध्ये, शेवटची सही झाली.

ह्या वहीत सव्वीस सह्या आहेत, पण त्यातील चार सह्या यात्रेकरूंच्या नव्हेत. ते चौघे तोवर निवर्तले होते. त्यांच्या घरी जाताना पाऊल जड होई. एका घरी सुनेने पैसे देवापुढे ठेविले आणि म्हणाली, "गुरुजी, मामंजींनी जाण्याची पिशवी भरून ठेवली होती. ती अजून तशीच आहे." ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या एका घरी दोन भावांत पैसे कोणी घ्यावेत ह्यावरून अवघडलेपण आले, व दोघांनी मिळून सही केली तेव्हा ते मिटले. तेव्हापासून यात्रेच्या अर्जावर आम्ही एक ओळ वाढविली आहे. यात्रा न घडल्यास रक्कम कोणाच्या हाती द्यावी ते यात्रेकरूने स्वतःच्या अक्षराने लिहावयाचे. ओळ एकच, पण तिने घरातले अवघडलेपण टळते.

याउलट एका आजीबाईंनी पैसे घेण्याचेच नाकारले. "असू द्या तुमच्याजवळ, नेाल तेव्हा वळते करा," म्हणाल्या. आम्ही ते ठेवून घेतले नाहीत. न ठरलेल्या यात्रेचा पैसा यात्रेकरूच्याच गाठीस असावा, व्यवस्थापकाच्या नव्हे. त्या आजीबाई नोव्हेंबर 2024 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आमच्याबरोबर काशीस आल्या. जुन्या सव्वीसांतले एकंदर आठजण त्या खेपेस होते. ती खेप आम्ही नफ्यासाठी नेली नाही, वाट तपासण्यासाठी नेली.

आणि तपासणे जरूरच होते, कारण आमची जुनी वही पुष्कळ ठिकाणी निरुपयोगी झालेली आढळली. विश्वनाथाच्या देवळाभोवतालच्या ज्या गल्ल्यांची वळणे आम्हास पाठ होती त्यांतल्या कित्येक आता राहिल्या नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये तेथील नवे प्रशस्त आवार खुले झाले, आणि ललिता घाटाकडून गंगेवरून थेट वर देवळात येता येते. वृद्धांस पायऱ्यांचा विचार करून कोणत्या बाजूने न्यावे हा प्रश्न त्यामुळे नव्याने सोडवावा लागतो. स्टेशनांची नावेही बदलली. मंडुआडीहचे 2021 साली बनारस झाले, फैजाबादचे त्याच वर्षी अयोध्या कँट झाले. एकट्या काशीत वाराणसी जंक्शन, वाराणसी सिटी आणि बनारस अशी तीन निरनिराळी स्टेशने असल्यामुळे, तिकिटावर नेमके कोणते आहे हे न पाहता रिक्षा केली तर गाडी चुकते. प्रयागाचेही तसेच आहे. आपल्याकडून जाणाऱ्या काही गाड्या मुख्य जंक्शनावर न जाता यमुनेपलीकडील छिवकी स्टेशनावर थांबतात. रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी खुले होई, ते 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आले आहे. ज्येष्ठांस भाड्यात जी सवलत होती, पुरुषांस चाळीस टक्के व स्त्रियांस पन्नास, ती मार्च 2020 मध्ये गेली आणि 2025 सालच्या अखेरपर्यंत परत आलेली नव्हती. वृद्ध दांपत्याच्या खर्चाचा जुना अंदाज त्यामुळे आज लागू पडत नाही.

आता ह्या हिशेबातून गृहस्थाने घ्यावयाचे ते थोडक्यात सांगतो. यात्रेचे पैसे देण्यापूर्वी व्यवस्थापकास विचारावे की तिकीट कोणाच्या खात्यातून काढणार आणि रद्द झाल्यास पैसा कोणत्या खात्यात परत येणार. शक्य असेल तर विमानाचे व रेल्वेचे तिकीट आपल्याच खात्यातून भरावे व व्यवस्थापकास त्याची मेहनत निराळी द्यावी. मग मधली दोन दारे आपोआप नाहीशी होतात. आरक्षणात दूरध्वनीचा क्रमांक आपला घातला आहे ना हेही पाहावे. तो एजंटाचा असला म्हणजे गाडी किंवा विमान रद्द झाल्याची वर्दी त्यास जाते, आपणास नाही.

दुसरी गोष्ट, पैसे दिल्यावर चार-आठ दिवसांत पी. एन. आर. मागून घ्यावा आणि तो रेल्वेच्या अथवा विमान-कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. एजंटाने दिलेला छापील कागद हा पुरावा नव्हे. विमानाच्या बाबतीत जागा नुसती राखून ठेवली, पैसे भरलेच नाहीत, तरी पी. एन. आर. तयार होऊ शकतो, आणि मुदत टळली की ती जागा जाते. म्हणून आरक्षण पक्के झाले आहे असे तेथे स्पष्ट दिसले पाहिजे. घरातील मुलास हे काम दोन मिनिटांचे आहे.

तिसरी गोष्ट मुक्कामाच्या व बसच्या विसाराची. आमची खोट जी आली ती सगळी येथे आली, हे वरच्या हिशेबावरून दिसेलच. हल्ली आम्ही मुक्कामास एका रात्रीच्या भाड्याहून अधिक विसार देत नाही आणि बसचे पैसे काशीस पोचल्यावर दिवसागणिक देतो. ह्यामुळे एखादे वेळी चांगली जागा हातची जाते आणि भाडेही किंचित चढे पडते. ती किंमत आम्ही यात्रेकरूंस आधीच सांगतो. सर्व रक्कम तीन महिने आधी द्या, स्वस्तात नेतो, असे जो सांगतो त्याच्या स्वस्ताईचा अर्थ बहुधा असा असतो की धोका त्याने आपल्या खांद्यावरून उतरवून तुमच्या खांद्यावर ठेविला आहे.

ज्या वाचकांनी ह्या दीर्घ मौनातही आमची आठवण ठेविली त्यांच्याशी पुन्हा दरमहा भेट होईल ह्याचा आम्हास मनापासून आनंद आहे. वाट पुन्हा पायाखाली आली आहे, वहीतील सह्या पुऱ्या झाल्या आहेत. पुढील अंकी अयोध्येस वृद्धांना घेऊन जाताना मुक्काम कोठे करावा आणि दर्शनास कोणत्या वेळी निघावे ह्याविषयी लिहू. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी नेहमीप्रमाणे संपादकांच्या पत्त्यावर कार्ड टाकावे. उत्तर अवश्य मिळेल.